mr.wikipedia.org उघडताना नावाचा पत्ता कसा होतो

प्रश्न: ब्राउझरमध्ये एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाकले की ते नेमके कोणत्या संगणकावर आहे हे ब्राउझरला कसे कळते? ‘नेमसर्व्हर बदला’ असे सांगतात तेव्हा नक्की काय बदलायचे असते? मला यातले काहीही माहीत नाही असे धरून समजावून सांगावे.

उत्तर:

ब्राउझरला ते माहीत नसते, म्हणून तो विचारतो. ज्याला विचारतो त्यालाही बहुधा माहीत नसते, पण कोणाकडे चौकशी करावी हे त्याला ठाऊक असते. अशी चौकशी करत करत ती ज्या सर्व्हरपाशी संपते, म्हणजे ज्याच्याकडे त्या नावाची मूळ नोंद असते, त्याला अधिकृत नेमसर्व्हर म्हणतात. या साऱ्या व्यवस्थेचे नाव डीएनएस. हे अमूर्तपणे सांगण्यापेक्षा मराठी विकिपीडियाचे mr.wikipedia.org हे एकच नाव शेवटपर्यंत घेऊन जाऊ.

इंटरनेटवरचा प्रत्येक संदेश आकडी पत्त्यावर पाठवला जातो. 103.102.166.224 हा तसा एक आयपी पत्ता आहे. नाव ही माणसांची सोय आहे आणि संदेश निघण्यापूर्वी त्याचे आकड्यांत रूपांतर व्हावेच लागते. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट जाळ्यात यासाठी HOSTS.TXT नावाची एकच फाइल होती. ती कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे सर्वजण तिची प्रत अधूनमधून उतरवून घेत. संगणक वाढले तसे एका ठिकाणी सगळ्यांची नावे ठेवणे अशक्य होत गेले. तेव्हा 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यादीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा ज्याचा त्याने सांभाळावा अशी रचना मांडली. आज चालते ती हीच रचना. त्यामुळे जगातील सर्व नावांची संपूर्ण यादी एका ठिकाणी कोठेही नाही, ही गोष्ट आधी नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सारे टप्पे त्यातूनच निघतात.

तुकडे पडतात ते नावातील टिंबांपाशी, आणि नाव वाचायचे ते उजवीकडून डावीकडे. पोस्टात पाकिटावरचा पत्ता खालून वर वाचत जावा, आधी राज्य, मग गाव, मग घर, तसाच हा क्रम आहे. आपल्या नावात org हा सर्वांत वरचा स्तर, wikipedia हे त्याच्या खालचे नाव आणि mr हे विकिपीडियाने स्वतःच्या अखत्यारीत दिलेले मराठीचे नाव. org च्याही उजवीकडे एक अदृश्य टिंब असते. ब्राउझरमध्ये आपण ते लिहीत नाही, पण तांत्रिक नोंदींत ते `mr.wikipedia.org.` असे दिसते, आणि ते टिंब म्हणजेच या उतरंडीचे मूळ, ज्याला रूट म्हणतात.

आता तुम्ही नाव टाइप करून एंटर दाबले असे समजा. नाव .भारत सारखे देवनागरी असते तर ब्राउझरने आधी त्याचे रोमन अक्षरांतले सांकेतिक रूप केले असते. `.भारत` चे ते रूप `.xn--h2brj9c` असे आहे आणि पुढची सगळी विचारपूस त्याच रूपात होते. आपले नाव रोमन असल्याने हा टप्पा लागत नाही. त्यानंतर ब्राउझर स्वतःच्या स्मरणात पाहतो की हे नाव नुकतेच विचारले होते का. तेथे उत्तर नसेल तर तो संगणकाच्या प्रणालीला, म्हणजे विंडोज, अँड्रॉइड किंवा लिनक्सला विचारतो. प्रणालीही आपले स्मरण पाहते आणि त्याबरोबर hosts नावाची एक छोटी स्थानिक फाइल पाहते, जी त्या जुन्या HOSTS.TXT ची वारसदार आहे. त्या फाइलमध्ये नाव लिहिलेले असेल तर बाहेर कोणालाही न विचारता तोच पत्ता वापरला जातो. एखादे संकेतस्थळ फक्त एकाच संगणकावर भलतीकडे उघडत असेल, तर ही फाइल तपासून पाहावी.

तेथेही उत्तर नसेल तर प्रश्न संगणकाबाहेर पडतो आणि जातो तो रिझॉल्व्हरकडे. तुमच्या वतीने सगळी चौकशी करून अंतिम उत्तर आणून देणारा हा सर्व्हर. बहुतेक घरांत तो इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचा असतो आणि त्याचा पत्ता वायफायला जोडताच राउटरकडून आपोआप मिळतो. कोणी 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 असे पत्ते हाताने भरतात, ते अनुक्रमे गूगलचा आणि क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक रिझॉल्व्हर वापरण्यासाठी. प्रश्न अगदी छोटा असतो: ‘mr.wikipedia.org या नावाचा आयपी पत्ता द्या, आणि तो तुम्हीच शोधून द्या.’ यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे, कारण यापुढे तुमचा संगणक फक्त वाट पाहतो. येथे एक अपवाद सांगायला हवा. काही ब्राउझर प्रणालीला बाजूला ठेवून स्वतःच एखाद्या रिझॉल्व्हरला सांकेतिक जोडणीतून विचारतात. त्यामुळे एकाच संगणकावर एका ब्राउझरमध्ये स्थळ उघडते आणि दुसऱ्यात उघडत नाही, असे कोड्यात टाकणारे प्रसंग येतात.

रिझॉल्व्हरकडे कोणतेही उत्तर साठवलेले नाही असे आपण धरू, म्हणजे संपूर्ण वाट दिसेल. जन्मतः त्याला एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे रूट सर्व्हरांचे पत्ते, आणि ते त्याच्याबरोबर एका फाइलमध्येच येतात. रूट सर्व्हरांची नावे तेरा आहेत, `a.root-servers.net` पासून `m.root-servers.net` पर्यंत. जगात यंत्रे तेराच आहेत असा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात प्रत्येक नावामागे अनेक ठिकाणी ठेवलेली यंत्रे असतात, ती सर्व एकाच पत्त्यावर उत्तर देतात आणि संदेश जाळ्याच्या हिशेबाने जवळच्या यंत्राकडे पोहोचतो. मुंबईतही अशी यंत्रे आहेत.

रिझॉल्व्हर यांपैकी एका रूट सर्व्हरला विचारतो. रूटला मराठी विकिपीडिया कोठे आहे याची काहीच कल्पना नसते आणि त्याने ती ठेवावी अशी अपेक्षाही नसते. तो एवढेच सांगतो की org चा कारभार अमुक सर्व्हरांकडे आहे, त्यांना विचारा, आणि त्यांची नावे व पत्ते देतो. त्यांतील एकाचे नाव `a0.org.afilias-nst.info` असे आहे. या उत्तरावर ‘दोन दिवस लक्षात ठेवायला हरकत नाही’ अशी मुदतही लिहिलेली असते, ती सेकंदांत, 172800. त्यामुळे पुढचे दोन दिवस org चे कोणतेही नाव आले तरी रिझॉल्व्हर रूटकडे जात नाही. अब्जावधी माणसे इंटरनेट वापरत असूनही रूट सर्व्हर कोलमडत नाहीत, त्याचे मोठे कारण ही मुदत आहे.

मग तोच प्रश्न org च्या सर्व्हरला. तोही अंतिम पत्ता देत नाही. त्याच्याकडे org च्या प्रत्येक नोंदलेल्या नावापुढे एवढेच लिहिलेले असते की त्याचे नेमसर्व्हर कोणते. wikipedia.org पुढे `ns0.wikimedia.org`, `ns1.wikimedia.org` आणि `ns2.wikimedia.org` ही नावे आहेत. येथे चौकस वाचकाला शंका यावी: ns0.wikimedia.org हेही एक नावच आहे, तेही org खालचे, मग त्याचा पत्ता कोणाला विचारायचा? wikimedia.org चे नेमसर्व्हरही हेच असल्याने त्यांचा पत्ता विचारायला त्यांच्याकडेच जावे लागेल, आणि हे चक्र कधी संपणार नाही. म्हणून org चा सर्व्हर नावांसोबत त्यांचे आकडी पत्तेही जोडून देतो. अशा जोडून दिलेल्या पत्त्यांच्या नोंदीला ग्लू म्हणतात. स्वतःच्या डोमेनखाली, म्हणजे wikipedia.org सारख्या स्वतःच्या नोंदलेल्या नावाखाली, स्वतःचे नेमसर्व्हर चालवणाऱ्याने ही नोंद विसरली, तर बाकी सर्व बरोबर असूनही डोमेन सापडत नाही.

तुमच्या प्रश्नातील ‘नेमसर्व्हर बदला’ याचा अर्थही येथेच आहे. तुम्ही ज्या कंपनीकडून डोमेन विकत घेता ती रजिस्ट्रार. तिच्या पानावर तुम्ही नेमसर्व्हरची नावे भरता, ती रजिस्ट्रारकडून त्या स्तराचा कारभार पाहणाऱ्या रजिस्ट्रीकडे जातात आणि वरच्या स्तराच्या सर्व्हरवर लिहिली जातात. org ची रजिस्ट्री पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही संस्था आहे, in आणि भारत या स्तरांची निक्सी. नेमसर्व्हर बदलणे म्हणजे ‘माझ्या डोमेनची माहिती यापुढे या सर्व्हरला विचारा’ असे वरच्या स्तरावर लिहून ठेवणे. संकेतस्थळ ज्या यंत्रावर आहे त्याचा पत्ता तेथे बदलत नाही. तो बदलतो एक पायरी खाली, अधिकृत नेमसर्व्हरवर.

आता रिझॉल्व्हर ns0.wikimedia.org ला विचारतो. हा अधिकृत आहे, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने स्वतः लिहिलेल्या नोंदी त्याच्यावर आहेत, आणि येथे ‘दुसऱ्याला विचारा’ असे उत्तर अपेक्षित नाही. तरीही पहिले उत्तर आकडी नसते. नोंद अशी आहे की mr.wikipedia.org हे `dyna.wikimedia.org` याचे दुसरे नाव आहे, तेव्हा त्याचा पत्ता घ्यावा. अशा नोंदीला सीनेम म्हणतात. विकिपीडियाच्या शेकडो भाषांसाठी वेगवेगळे पत्ते लिहीत बसण्यापेक्षा सगळ्या भाषा एका नावाकडे वळवायच्या आणि पत्ता त्या एकाच ठिकाणी सांभाळायचा, अशी ही सोय आहे. dyna.wikimedia.org चा पत्ताही हेच नेमसर्व्हर देतात, त्यामुळे फार हिंडावे लागत नाही.

हा पत्ता मात्र सर्वांना सारखा मिळत नाही. विकिमीडियाची केंद्रे अमेरिका, युरोप, सिंगापूर अशी विखुरलेली आहेत आणि प्रश्न कोठून आला हे पाहून नेमसर्व्हर जवळच्या केंद्राचा पत्ता देतो. भारतातून विचारणाऱ्याला सहसा सिंगापूरच्या केंद्राचा 103.102.166.224 हा पत्ता मिळतो. अर्थात प्रश्न विचारणारा असतो तुमचा रिझॉल्व्हर, तुम्ही नव्हे. तुम्ही नागपुरात बसून युरोपातील एखादा रिझॉल्व्हर वापरत असाल, तर युरोपच्या केंद्राचा पत्ता मिळून स्थळ थोडे सावकाश उघडू शकते. यावर उपाय म्हणून काही रिझॉल्व्हर तुमच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवतात, पण सगळे तसे करत नाहीत, आणि काही जण गोपनीयतेसाठी मुद्दाम करत नाहीत.

रिझॉल्व्हर हे उत्तर तुमच्या संगणकाला देतो, प्रणाली ते ब्राउझरला देते आणि ब्राउझर त्या पत्त्याशी जोडणी करतो. डीएनएसचे काम तेथे संपते. जोडणी झाल्यावर ब्राउझर ‘मला mr.wikipedia.org चे पान हवे’ असे नाव पुन्हा सांगतो, कारण एकाच पत्त्यावर अनेक स्थळे नांदत असतात. हा सगळा प्रवास ऐकायला लांबलचक वाटतो, पण प्रश्नोत्तरांचे संदेश इवलेसे असल्याने तो बहुधा सेकंदाच्या काही भागातच उरकतो.

स्वतः पाहायचे असेल तर लिनक्स किंवा मॅकवर `dig` ही आज्ञा द्यावी. उत्तराचा मुख्य भाग साधारण असा दिसतो:

```
$ dig mr.wikipedia.org

mr.wikipedia.org.    61204  IN  CNAME  dyna.wikimedia.org.
dyna.wikimedia.org.  97     IN  A      103.102.166.224
```

यातला दुसऱ्या रकान्यातील आकडा नीट पाहा. ती त्या नोंदीची उरलेली मुदत आहे, सेकंदांत, आणि तिला टीटीएल म्हणतात. पहिल्या नोंदीची पूर्ण मुदत एक दिवस, म्हणजे 86400 सेकंद आहे. येथे 61204 दिसते, याचा अर्थ रिझॉल्व्हरने हे उत्तर सुमारे सात तासांपूर्वी कोणासाठी तरी आणले होते आणि तुम्हाला साठवणीतले दिले. तीच आज्ञा दहा सेकंदांनी पुन्हा दिली तर आकडा सहसा तेवढाच कमी झालेला दिसेल. दुसऱ्या नोंदीची मुदत काही मिनिटांचीच ठेवलेली आहे, आणि ती विचारपूर्वक: एखादे केंद्र बंद पडले तर वाचकांना दुसऱ्या केंद्राकडे लवकर वळवता यावे. विंडोजवर यासाठी `nslookup` आहे. तिच्या उत्तरात `Non-authoritative answer` असे लिहिलेले पाहून पुष्कळ जण घाबरतात, पण त्यात दोष काही नाही. उत्तर अधिकृत सर्व्हरकडून थेट न येता रिझॉल्व्हरमार्फत आले, एवढाच त्याचा अर्थ. रूटपासून खालपर्यंतची सगळी वाट पाहायची असेल तर `dig +trace mr.wikipedia.org` अशी आज्ञा द्यावी.

आता बिघाडाकडे येतो, कारण नवशिक्याची गाठ डीएनएसशी पडते ती बहुधा बिघाडातच. सर्वाधिक येणारी तक्रार अशी: ‘संकेतस्थळ नव्या होस्टिंगवर नेले, पत्ता बदलला, तरी जुनेच पान दिसते.’ यावर सर्रास दिले जाणारे उत्तर म्हणजे ‘अठ्ठेचाळीस तास थांबा, बदल जगभर पसरायला वेळ लागतो.’ हे उत्तर मला पटत नाही. डीएनएसमध्ये तुमचा बदल कोणी जगभरच्या रिझॉल्व्हरांकडे पाठवत नसते. ज्या रिझॉल्व्हरांनी जुने उत्तर साठवलेले आहे ते त्याची मुदत संपेपर्यंत तेच देत राहतात, आणि ज्यांनी साठवलेले नाही त्यांना नवे उत्तर ताबडतोब मिळते. तेव्हा किती थांबायचे हे जुन्या नोंदीच्या टीटीएलवरून नेमके सांगता येते, आणि ती मुदत उलटून गेल्यावरही जुनाच पत्ता येत असेल तर थांबून काहीही होणार नाही.

त्या वेळी दोन प्रश्न विचारावेत. example.com हे तुमचे डोमेन आहे असे धरू.

```
nslookup -type=ns example.com
nslookup example.com नेमसर्व्हरचे-नाव
```

पहिल्या आज्ञेने त्या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते ते कळते. त्यांतले एक नाव दुसऱ्या आज्ञेत शेवटी घातले की प्रश्न रिझॉल्व्हरला वगळून थेट अधिकृत सर्व्हरकडे जातो. तेथून नवा पत्ता आला तर तुमचे काम बरोबर झालेले आहे आणि बाकी आहे ती फक्त साठवणीची मुदत. तेथूनच जुना पत्ता आला, तर तुम्ही बदल भलत्याच ठिकाणी केला आहे. हे वाटते त्यापेक्षा फार वेळा घडते. रजिस्ट्रारच्या पानावरही नोंदी लिहायची सोय असते आणि होस्टिंगच्या पानावरही असते. दोन्हींकडे तुमच्या डोमेनच्या नोंदी व्यवस्थित लिहिलेल्या दिसतात, पण वरचा स्तर ज्या नेमसर्व्हरांकडे बोट दाखवतो तेथल्याच नोंदी जग वाचते. दुसरीकडे लिहिलेले कितीही अचूक असले तरी ते कोणी विचारायला येत नाही, आणि तसे सांगणारी कोणतीही सूचना पडद्यावर उमटत नाही.

‘असे नाव नाही’ हे उत्तरही साठवले जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नवे उपनाव तयार करण्यापूर्वीच उत्सुकतेने ते उघडून पाहिले, तर रिझॉल्व्हरने ‘नाही’ हे उत्तर घेऊन ठेवलेले असते आणि नोंद केल्यावरही काही काळ तो ‘नाही’च म्हणत राहतो. अशा उत्तराची मुदतही डोमेनच्या मालकानेच आपल्या मुख्य नोंदीत ठरवलेली असते. म्हणून आधी नोंद करावी आणि मगच नाव उघडून पाहावे. पडद्यावर `NXDOMAIN` दिसले तर अर्थ हाच, की विचारपूस नीट झाली पण नाव अस्तित्वात नाही. टाइप करताना झालेली चूक, राहून गेलेली नोंद किंवा नूतनीकरण न केल्याने गेलेले डोमेन, ही त्याची नेहमीची कारणे. `SERVFAIL` दिसले तर गोष्ट वेगळी आहे: रिझॉल्व्हरला विश्वासार्ह उत्तर मिळवताच आले नाही. वरच्या स्तरावर लिहिलेले नेमसर्व्हर बंद आहेत, किंवा चालू आहेत पण त्यांच्यावर तुमच्या डोमेनच्या नोंदीच नाहीत, किंवा नोंदींवरील डिजिटल सही जुळत नाही, यांपैकी काहीतरी तेथे शोधावे.

संकेतस्थळ दुसरीकडे हलवायचे असेल तर हा सगळा त्रास आधीच टाळता येतो. पत्त्याच्या नोंदीची मुदत एक दिवस असेल, तर हलवण्याच्या निदान एक दिवस आधी ती 300 सेकंद करावी, पत्ता मात्र तोच राहू द्यावा. जुनी, लांब मुदतीची उत्तरे त्या एका दिवसात सगळीकडून गळून जातात. मग पत्ता बदलला की बहुतेक वाचक पाच-दहा मिनिटांत नव्या यंत्रावर येतात, आणि सर्व ठीक चालले आहे याची खात्री पटल्यावर मुदत पुन्हा वाढवता येते. काही रिझॉल्व्हर फार छोट्या मुदती पाळत नाहीत, आणि काही उपकरणे एकदा मिळालेला पत्ता पुन्हा सुरू करेपर्यंत सोडत नाहीत. म्हणून जुने यंत्र आणखी दोनतीन दिवस चालू ठेवावे आणि त्यावर येणाऱ्या भेटींची नोंद पाहत राहावी. ती आटली की ते बंद करावे.